बचत गटाचा वार्षिक अहवाल: सचिवताई, सभेत नेमकं काय आणि कसं सांगायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बचत गटाच्या वार्षिक सभेतला अहवाल पाहिला. बोलण्याच्या ओघात आकडे जरा पटापट गेले, म्हणून तोच विषय इथे निवांत मांडते. वही-पेन घेऊन बसा आणि बेरजा स्वतः करून बघा.

सुरुवात एका प्रसंगाने करते. एका गटाच्या वार्षिक सभेला मी बसले होते. सचिवताई उभ्या राहिल्या, रोजकीर्द उघडली आणि शेवटच्या पानावरची बेरीज वाचली. "या वर्षी आपल्या गटात एकूण जमा 3 लाख 11 हजार 440 रुपये." टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक ताई म्हणाल्या, "आपण बारा जणी. म्हणजे माझ्या वाट्याला जवळजवळ सव्वीस हजार आले की! ते कधी मिळणार?"

सचिवताई गप्प झाल्या. आकडा खोटा नव्हता, बेरीजही बरोबर होती. पण त्या तीन लाखांत बँकेचं कर्ज होतं, बायकांनी परत भरलेले हप्ते होते, बचत होती आणि व्याजही होतं. चार वेगळ्या जातीचे पैसे एकाच बेरजेत घातले, की ऐकणारीला सगळाच नफा वाटतो. मग "सव्वीस हजार गेले कुठे?" ही कुजबुज सुरू होते. गट फुटायला एवढं पुरतं.

याच गटाचे आकडे आपण उदाहरण म्हणून घेऊ. समजायला सोपे जावेत म्हणून मी ते थोडे गोल केलेत.

गट कसा आहे?

बारा सदस्य. प्रत्येकीची बचत महिना 200 रुपये. गट एप्रिल 2022 मध्ये सुरू झाला. अहवाल 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या वर्षाचा. गटातल्या कर्जावर व्याज दरमहा शेकडा 1 रुपया. उमेद अभियानातून 15,000 रुपये फिरता निधी आधीच मिळालेला. आणि जुलै 2024 मध्ये बँकेने गटाला दीड लाख कर्ज दिलं, वर्षाला 7 टक्के व्याजाने, महिना 5,000 मुद्दल अधिक व्याज असा हप्ता.

अहवाल लिहायला बसण्याआधी एक काम नक्की करा. 31 मार्चपर्यंतच्या नोंदी भरलेलं बँकेचं पासबुक घेऊन या. बँक मध्येच एखादं शुल्क कापते, बचत खात्यावर व्याजही जमा करते. त्या नोंदी आपल्या रोजकीर्दीत नसतात. आधी त्या लिहा, मगच बेरजेला हात घाला. नाहीतर शेवटी शे-दोनशेचा फरक येतो आणि रात्रभर शोधत बसावं लागतं.

पहिली गोष्ट: बचत

बचतीचे तीन आकडे सांगायचे. गेल्या वर्षअखेर किती होती, या वर्षी किती आली, आता किती झाली.

31 मार्च 2024 ला दोन वर्षं पूर्ण झाली होती. बारा जणी, चोवीस महिने, दोनशे रुपये. झाले 57,600. या वर्षी यायला हवे होते 28,800, प्रत्यक्षात आले 28,400. चारशे कमी का? एक ताई बाळंतपणाला माहेरी गेल्या आहेत, त्यांची फेब्रुवारी आणि मार्चची बचत बाकी आहे. म्हणजे एकूण बचत झाली 86,000.

इथे बऱ्याच जणी फक्त "बचत 86,000" असं वाचून पुढे जातात. तसं करू नका. 'यायला हवे होते' हा आकडा सांगितल्याशिवाय 'आले' या आकड्याला अर्थ नाही. आणि दुसरं, बचत ही गटाची कमाई नाही. ती सदस्यांची ठेव आहे, गट त्यांचं देणं लागतो. सभेत हे वाक्य उघड बोला: "ही 86,000 रुपये रक्कम तुमची आहे, गटाने सांभाळायला घेतली आहे."

दुसरी गोष्ट: कर्ज

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून बघू.

वर्षाच्या सुरुवातीला सदस्यांकडे मिळून 70,500 रुपये कर्ज होतं. वर्षभरात गटाने सदस्यांना नवीन कर्ज दिलं 2,36,000. हे पैसे कुठून आले? दीड लाख बँकेचे, बाकीचे 86,000 गटाचेच, म्हणजे बचत आणि परत आलेले हप्ते पुन्हा फिरवून. (गटाची एकूण बचतही योगायोगाने 86,000 आहे. दोन्ही एकच समजू नका.) वर्षभरात सदस्यांनी मुद्दल परत केलं 1,12,000.

आता हिशोब करा. 70,500 मध्ये 2,36,000 मिळवले, त्यातून 1,12,000 वजा केले. उरले 1,94,500. ही झाली 31 मार्चची येणे बाकी.

"एक लाख चौऱ्याण्णव हजार बाकी!" असं वाचलं की सभेत कोणीतरी दचकतंच. कारण आपल्या बोलण्यात 'बाकी' म्हणजे 'थकलेलं'. पण हिशोबात तसं नाही. एखादीने फेब्रुवारीत पंधरा महिन्यांसाठी 15,000 घेतले, मार्चचा हजाराचा हप्ता वेळेवर भरला, तर तिच्याकडे 14,000 येणे बाकी आहे. तरी ती एका रुपयानेही थकलेली नाही. म्हणून दोन शब्द कायम वेगळे ठेवा. येणे बाकी म्हणजे पुढे यायचं असलेलं सगळं मुद्दल. थकबाकी म्हणजे ज्याची तारीख उलटून गेली, पण आलं नाही ते.

थकबाकी कशी काढायची? कर्ज देताना प्रत्येकीचे हप्ते ठरलेले असतात. या वर्षी सगळ्यांचे मिळून किती मुद्दल यायला हवं होतं, याची बेरीज करा. आपल्या गटात ती झाली 1,18,500. आले 1,12,000. फरक 6,500. म्हणजे शंभर रुपये यायला हवे होते तिथे साडेचौऱ्याण्णव आले.

ही टक्केवारी काढताना एक चूक नेहमी होते. परत आलेले 1,12,000 भागिले एकूण दिलेलं कर्ज 2,36,000, असं केलं तर परतफेड 47 टक्के निघते आणि चांगला चाललेला गट बुडाल्यासारखा दिसतो. फेब्रुवारीत दिलेलं कर्ज मार्चअखेर पूर्ण परत कसं येईल? म्हणून भागायचं ते 'यायला हव्या असलेल्या' रकमेनेच.

तिसरी गोष्ट: बँकेचं कर्ज

दीड लाख जुलैत घेतले. ऑगस्ट ते मार्च आठ हप्ते झाले, आठही वेळेवर गेले. मुद्दल फेडलं 40,000, व्याज गेलं 6,184. बँकेचं उरलेलं देणं 1,10,000.

हे सांगताना सदस्यांना एक गोष्ट समजावून द्या. बँकेला गट ओळखीचा आहे, एकेक बाई नाही. दोन सदस्यांचे हप्ते थकले म्हणून बँक गटाचा हप्ता पुढे ढकलत नाही. थकलेले 6,500 गटाने स्वतःच्या शिलकेतून सांभाळून घेतले, म्हणून बँकेचे आठही हप्ते वेळेवर गेले. पुढच्या वेळी मोठं कर्ज मागायला जाल, तेव्हा बँक हाच इतिहास आणि ह्याच वह्या बघणार आहे.

चौथी गोष्ट: खरी कमाई किती?

आता त्या मागच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. कमाई म्हणजे जो पैसा कोणाला परत द्यायचा नाही तो.

सदस्यांकडून व्याज आलं 20,400. दंड आणि बँकेने बचत खात्यावर दिलेलं व्याज मिळून 640. झाले 21,040. यातून बँकेला दिलेलं व्याज 6,184 आणि गटाचा खर्च 1,856 (वह्या, झेरॉक्स, बँकेत जायचं भाडं, बँकेचं शुल्क) वजा केला. उरले 13,000. बस्स. तीन लाख अकरा हजारांच्या 'जमे'तून गटाची खरी कमाई 13,000 रुपये. मागच्या दोन वर्षांची शिल्लक कमाई 9,400 होती, ती धरून 22,400.

थकलेल्या सदस्यांकडून येणारं व्याज यात धरलेलं नाही. जे हातात आलं तेच कमाई. न आलेलं व्याज नफ्यात घातलं की आकडा फुगतो, आणि ते आलंच नाही तर पुढच्या वर्षी तोंड लपवावं लागतं.

मग सदस्य विचारतील, "हे 22,400 वाटून टाकूया ना!" त्यांना सांगा, हे पैसे पेटीत बाजूला काढून ठेवलेले नाहीत. ते सदस्यांच्याच कर्जात फिरताहेत. वाटायचे म्हटले तर तेवढी रोकड शिलकेतून काढावी लागेल आणि बँकेच्या हप्त्याला अडचण होईल. फिरता निधी तर वाटायचाच नसतो, तो गटाच्या भांडवलात राहतो. तरीही निर्णय सभेचा आहे. सचिवाने आकडा आणि परिणाम दोन्ही सांगायचे आणि ठराव सभेला करू द्यायचा.

आता ताळा करा

अहवालातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान. कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'पैसा कोणाचा?' आणि उजवीकडे 'पैसा आहे कुठे?'

डावीकडे:
- सदस्यांची बचत: 86,000
- फिरता निधी: 15,000
- बँकेचं देणं: 1,10,000
- गटाची साठलेली कमाई: 22,400
- एकूण: 2,33,400

उजवीकडे:
- सदस्यांकडे कर्ज: 1,94,500
- बँक खात्यात: 38,100
- पेटीत रोख: 800
- एकूण: 2,33,400

दोन्ही बाजू जुळल्या. लक्षात घ्या, बँकेतले 38,100 मी बेरजेवरून काढलेले नाहीत, पासबुकात बघून लिहिलेत. पेटीतले 800 मोजून लिहिलेत. उत्तर आधी ठरवून उरलेला आकडा 'रोख शिल्लक' म्हणून टाकला, तर ताळा कायमच जुळेल आणि त्याचा काही उपयोग होणार नाही.

जुळलं नाही तर? आधी फरकाचा आकडा बघा, तोच रस्ता दाखवतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल झाली आहे. 4,200 च्या जागी 2,400 लिहिलं की फरक 1,800 येतो आणि त्याला 9 ने भाग जातो. दुसरी युक्ती, फरकाचा अर्धा करा आणि त्या रकमेची नोंद शोधा. खर्चाचे 340 रुपये चुकून जमेच्या बाजूला गेले, तर फरक बरोबर दुप्पट म्हणजे 680 येतो. या दोन्हींत सापडलं नाही, तर मग एकेक महिना घेऊन महिनाअखेरची शिल्लक पासबुकाशी लावत जा. ज्या महिन्यात फरक पहिल्यांदा दिसेल, चूक त्याच महिन्यात आहे. पूर्ण वर्ष चाळायची गरज नाही.

ताळ्याला न सापडणारी चूक

इथे नीट लक्ष द्या, कारण अहवाल नुसता लिहून फाईलला लावायचा नाही तर सभेत *बोलायचा*, याचं खरं कारण इथे आहे.

समजा एका ताईंकडे 20,000 कर्ज बाकी आहे. महिन्याचं व्याज 200, हप्ता 1,500. त्यांनी बैठकीत 1,700 दिले. लिहिणारीने घाईत सगळे 1,700 मुद्दलात टाकले. रोकड बरोबर आहे, 1,700 आले आणि 1,700 च लिहिले. पण ताईंची बाकी 18,500 व्हायला हवी होती, ती 18,300 झाली. गटाची कमाई 200 ने कमी झाली, आणि येणे बाकीही 200 ने कमी झाली. म्हणजे डावी बाजू दोनशेने कमी, उजवी बाजूही दोनशेने कमी. ताळा जुळला, चूक तशीच राहिली.

याच्या उलट झालं, म्हणजे 1,500 व्याजात आणि 200 मुद्दलात गेले, तर त्या ताईंचं नुकसान 1,300 रुपयांचं. आणि गटाचा नफा मात्र वाढलेला दिसतो!

तिसरा प्रकार आणखी वाईट. ताईंनी 200 बचत दिली, पण वहीत लिहिलीच गेली नाही. पैसाही पेटीत गेला नाही. ताळा याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, कारण वहीच्या दृष्टीने तो पैसा आलाच नव्हता.

या तिन्ही चुका फक्त एकच माणूस पकडू शकतं: जिचा पैसा आहे ती. म्हणून अहवालात एकूण बेरजा सांगून झाल्या की प्रत्येक सदस्याचे तीन आकडे मोठ्याने वाचायचे, आणि त्या वेळी प्रत्येकीच्या हातात तिचं स्वतःचं पासबुक असायला हवं. जिला वाचता येत नाही, तिच्या शेजारी शाळेत जाणारी मुलगी किंवा सून बसवा. मी पाहिलंय, निरक्षर बाईला आपली बाकी किती, हे तोंडपाठ असतं. तिला कागद दिला तर कळणार नाही, ऐकवलं तर तिथल्या तिथे म्हणेल, "माझं एवढं नाही."

आता थकबाकीदार ताईंचं काय? सगळ्यांसमोर नाव घ्यायचं तर लाज वाटते, न घ्यायचं तर हिशोब अर्धा राहतो. यावर चालणारा उपाय असा. सगळ्यांचे तेच तीन आकडे, त्याच क्रमाने वाचायचे: बचत, कर्ज बाकी, थकलेलं. अकरा जणींचं वाचायचं आणि बाराव्या नावावर आवाज चढवायचा, असं नको. आणि सभेच्या दोन-चार दिवस आधी अध्यक्षताईंना घेऊन त्यांच्या घरी जाऊन या. आपल्या गटात 6,500 मधले 4,500 एकीचे आहेत, 1,500 चे तीन हप्ते. घरात दवाखाना निघाला होता. बाकीचे 2,000 दुसरीचे, हजाराचे दोन हप्ते. त्यांची म्हैस आटली, दुधाचा पगार बंद झाला. दोघींशी आधी बोलून किती-किती भरणार हे ठरलं, तर सभेत थकबाकीसोबत मार्गही सांगता येतो. आणि तो मार्ग ठराव म्हणून इतिवृत्तात लिहायला विसरू नका.

सभेत प्रत्यक्ष कसं बोलायचं?

हा नमुना. आपल्या गटाचे आकडे घालून घरी दोनदा मोठ्याने वाचून बघा. पाच-सात मिनिटांत व्हायला हवा.

"नमस्कार तायांनो. 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या वर्षाचा हिशोब मी मांडते. सगळ्यांनी आपापलं पासबुक हातात घ्या.

आधी बचत. मागच्या मार्चला आपली बचत 57,600 होती. या वर्षी 28,800 यायची होती, 28,400 आली. दोन महिन्यांचे चारशे यायचे आहेत, त्या ताई बाळंतपणाला गेल्यात, आल्यावर भरणार आहेत. आज एकूण बचत 86,000. हा पैसा तुमचा आहे.

आता कर्ज. वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे मिळून 70,500 कर्ज होतं. या वर्षी 2,36,000 नवीन दिलं, 1,12,000 मुद्दल परत आलं. आज 1,94,500 येणे आहे. घाबरू नका, हे सगळं थकलेलं नाही. थकलेलं फक्त 6,500 आहे. शंभर रुपये यायचे होते तिथे साडेचौऱ्याण्णव आले.

बँकेचं. जुलैत दीड लाख घेतले, आठ हप्ते वेळेवर भरले. मुद्दल 40,000 फिटलं, 1,10,000 राहिलं.

कमाई. व्याज, दंड मिळून 21,040 आले. बँकेचं व्याज आणि खर्च मिळून 8,040 गेले. 13,000 उरले. मागचे 9,400 धरून गटाची कमाई 22,400.

आता सगळा पैसा कुठे आहे ते ऐका. गटाच्या प्रत्येक शंभर रुपयांतले 83 रुपये आपल्याच बायकांकडे कर्ज म्हणून फिरताहेत, 17 बँकेत आणि पेटीत आहेत. आणि ते शंभर कोणाचे? 37 आपल्या बचतीचे, 47 बँकेचे, 10 आपल्या कमाईचे, 6 फिरत्या निधीचे. बँकेचं पासबुक हे बघा, फिरवते. पेटी कोषाध्यक्ष ताई सगळ्यांसमोर मोजतील.

आता एकेकीचं वाचते. आपलं नाव आलं की पासबुकात बघा आणि 'बरोबर' म्हणा. बरोबर नसेल तर लगेच सांगा, आत्ताच वही उघडू."

बघा, यात 3,11,440 हा आकडा कुठेच नाही. तो रोजकीर्दीत राहू द्या. कोणी विचारला तर फोड करून सांगा: बँकेचं कर्ज 1,50,000, परत आलेलं मुद्दल 1,12,000, बचत 28,400, व्याज-दंड 21,040. एवढं ऐकलं की सव्वीस हजारांचा प्रश्न आपोआप सुटतो.

शंभराचा हिशोब मुद्दाम घातलाय. दोन लाख तेहेतीस हजार डोळ्यांसमोर येत नाहीत, शंभराची नोट येते. पण नुसता शंभराचा सांगू नका, आधी खरे आकडे, मग शंभराचे.

एक प्रश्न नक्की येईल

हुशार सदस्य विचारेल, "खात्यात 38,100 नुसते का पडलेत?" प्रश्न रास्त आहे. बँकेचा महिन्याचा हप्ता व्याजासकट साधारण 5,600 च्या आसपास जातो. दोन महिन्यांची सोय म्हणून अकरा-बारा हजार बाजूला ठेवले, तरी पंचवीस-सव्वीस हजार कर्ज म्हणून देता येतात. ते दिले तर शेकडा 1 ने महिन्याला अडीचशे रुपये व्याज येईल, बचत खात्यावर त्याच्या जवळपासही येत नाही. म्हणून अहवाल संपला की त्याच सभेत पुढच्या कर्जाची मागणी विचारा. कोणाला दुकानात माल भरायचाय, कोणाला शिलाई मशीन घ्यायचंय. ज्या बाईने आत्ताच गटाचा सगळा हिशोब ऐकलाय, ती मागतानाही अंदाजाने मागत नाही. किती मिळू शकतं आणि हप्ता थकला तर कोणावर भार येतो, हे तिला माहीत असतं.

सगळ्यांनी 'बरोबर' म्हटल्यावर अहवालाच्या खाली बाराही जणींच्या सह्या किंवा अंगठे घ्या. गैरहजर सदस्याचं पासबुक आल्यावर तपासून मगच तिची सही घ्या. आधी कोऱ्या जागेवर सही घेऊन ठेवायची सवय असेल, तर ती या वर्षापासून बंद.

तुमच्या गटाचा ताळा करून बघा. जुळला नाही तर फरकाचा आकडा व्हिडिओखाली लिहा. कोणाचं नाव नको, नुसता आकडा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन चूक कुठे लपली असेल, ते शोधू.